कोणाला दिसायचं, याचे पैसे कशाला?

डेटिंग ॲपवर पैसे भरले की काय काय मिळतं, याची यादी प्रत्येक ॲपच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर असते. हवे तितके लाइक करा. तुम्हाला कोणी लाइक केलंय ते बघा. चुकून डावीकडे सारलेलं, म्हणजे नाकारलेलं, प्रोफाइल परत आणा. दुसऱ्या शहरातली माणसं बघा. आणि याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, आणखी एक ओळ असते: तुम्ही कोणाला दिसायचं ते तुम्ही ठरवा. पहिल्या चारही सोयी आहेत. त्या नसल्या तर फार तर एखादी ओळख हुकेल. पाचवी गोष्ट नसली तर काय होतं, हे मात्र ज्याच्या-त्याच्या परिस्थितीवर अवलंबून असतं, आणि काहींसाठी ती परिस्थिती नोकरी, घर किंवा जीव यांच्याशी जोडलेली असते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की लाइकच्या मर्यादेचे पैसे कंपन्यांनी खुशाल घ्यावेत, पण आपण कोणाला दिसावं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक वापरकर्त्याला फुकट मिळायला हवा. आणि तो कंपनीच्या मर्जीवर न सोडता नियमाने मिळायला हवा.

आधी लाइकच्या मर्यादेबद्दल, कारण तक्रारी सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच ऐकू येतात. टिंडर 2012 साली आलं तेव्हा लाइकना मर्यादा नव्हती. मार्च 2015 मध्ये कंपनीने टिंडर प्लस आणलं आणि त्याच सुमारास फुकट वापरणाऱ्यांच्या लाइकवर मर्यादा घातली. म्हणजे टंचाई आणि ती दूर करण्याचं पॅकेज, दोन्ही एकदमच बाजारात आली. हिंज या दुसऱ्या ॲपवर फुकट वापरणाऱ्याला दिवसाला आठ लाइक मिळतात. टिंडर एक ठरावीक आकडा सांगत नाही, तो बदलत राहतो. यावरून लोक चिडतात, हे मला समजतं. तरीही ही मर्यादा मला अन्यायाची वाटत नाही. दिवसाला आठच लाइक आहेत म्हटल्यावर माणूस समोरचं प्रोफाइल वाचतो, फोटोखाली काय लिहिलंय ते बघतो आणि मग ठरवतो. मर्यादा नसते तेव्हा बरेच जण, विशेषतः पुरुष, काहीही न बघता सगळ्यांना उजवीकडे सारतात, म्हणजे लाइक करतात, आणि मॅच झाल्यावर, म्हणजे समोरूनही लाइक आल्यावर, निवड करतात. त्यामुळे लाइकला काही किंमतच राहत नाही. कुणाला जास्त लाइक हवे असतील आणि त्यासाठी तो पैसे मोजायला तयार असेल, तर तो त्याचा प्रश्न.

या मर्यादेबद्दल एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. ती लाइकवर आहे, पाहण्यावर नाही. उजवीकडे सारणं आठ, पन्नास, जितक्यावर थांबत असेल तितक्यावर थांबतं. डावीकडे सारत पुढे जायला बहुतेक ठिकाणी काही अडकाठी नसते. एक पैसाही न भरता माणूस रोज शेकडो चेहरे, वयं, कामाची ठिकाणं, कॉलेजांची नावं आणि अंतरं बघत जाऊ शकतो. फुकट वापरणाऱ्याला काय दिसत नाही याची चर्चा होते, तेव्हा त्याला काय दिसतं हे मागे पडतं. त्याला जवळजवळ सगळं दिसतं. आपल्याला कोण आवडलं हे सांगायची संधी तेवढी त्याला कमी मिळते.

आता दिसण्याकडे येऊ. माझ्या ओळखीत एक प्राध्यापिका आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात ती पदवीच्या वर्गांना शिकवते. वय चौतीस, घटस्फोट झालेला. घरच्यांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढणं थांबवलं आहे आणि तिला मात्र जोडीदार हवा आहे. तिने एक ॲप घेतलं. त्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण रचना सगळ्यांची थोड्याफार फरकाने तीच आहे. दुसऱ्याच आठवड्यात वर्गात मागच्या बाकांवरून तिच्या प्रोफाइलवरच्या एका वाक्याचा उल्लेख झाला. कुणी शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. एका मुलाने ते वाक्य मोठ्याने म्हटलं आणि बाकीचे हसले. तिने त्याच संध्याकाळी खातं काढून टाकलं. तो मुलगा अठरा पूर्ण होता, त्याचं खातं वैध होतं, आणि तिचं प्रोफाइल त्याला दाखवण्यात ॲपने स्वतःचा कोणताही नियम मोडला नव्हता.

पुण्यात किंवा मुंबईत असं घडण्याची शक्यता कमी असते, कारण तिथे एक प्रोफाइल हजारोंच्या गर्दीत हरवतं. छोट्या शहराचं गणित वेगळं आहे. समजा, वीस किलोमीटरच्या आत ॲपवर तीनशे स्त्रिया आहेत. एखादा तरुण रोज रात्री पन्नास प्रोफाइल सारतो. सहा दिवसांत त्याने गावातल्या ॲपवरच्या सगळ्या स्त्रिया बघून संपवल्या. असे पाचशे तरुण असले, तर आठवडाभरात त्या प्राध्यापिकेचा चेहरा पाचशे जणांनी बघितला, आणि त्यातल्या किती जणांना ती कोण आहे ते माहीत असेल याचा अंदाज सांगली, लातूर किंवा धुळ्यात राहिलेल्या कोणालाही करता येईल. या आकड्यांत मी काही मोजलेलं नाही, फक्त चाल दाखवली आहे. गाव जितकं लहान, तितकं दिसणं महाग पडतं, आणि तरी निवडक लोकांनाच दिसण्याचं शुल्क द्यावं लागतं ते तिलाच.

फुकट काही उपाय नाहीत असं नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत. जवळजवळ प्रत्येक ॲपवर प्रोफाइल तात्पुरतं बंद ठेवता येतं. मग नव्या कोणालाच तुम्ही दिसत नाही, पण जुन्या मॅचशी बोलणं चालू राहतं. टिंडरवर 2021 पासून फोनमधले संपर्क ब्लॉक करण्याची सोय आहे आणि ती फुकट आहे. हिंजवरही फोन नंबर किंवा ईमेल टाकून माणसं आधीच ब्लॉक करता येतात. पण संपर्क ब्लॉक करायचे तर त्या माणसाचा नंबर तुमच्याकडे हवा, आणि त्याने खातंही त्याच नंबरवर उघडलेलं हवं. दुसऱ्या सिमवर खातं काढलं की सगळं फोल. प्राध्यापिकेकडे चारशे विद्यार्थ्यांचे नंबर कुठून असणार? त्यातले पुढच्या वर्षी कोण येणार, हे तर कोणालाच माहीत नाही. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला नवऱ्याचा नंबर माहीत असतो, पण त्याच्या मित्रांचे, चुलतभावांचे नसतात.

म्हणजे फुकटात दोन टोकं मिळतात: सगळ्यांना दिसा किंवा कोणालाच दिसू नका. मधली जागा विकायला ठेवली आहे. त्या मधल्या जागेचं नाव बहुतेक ठिकाणी इन्कॉग्निटो आहे. त्यात तुम्ही नेहमीसारखी प्रोफाइल बघता, पण तुमचं प्रोफाइल फक्त त्यांनाच दिसतं ज्यांना तुम्ही स्वतः लाइक केलं आहे. टिंडरने ही सोय 2023 मध्ये सशुल्क सदस्यांसाठी आणली. बंबलवरही ती पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. त्या प्राध्यापिकेला नेमकं हेच हवं होतं. तिने निवडलेल्या माणसांनी तिला बघावं, बाकीच्यांनी नाही. यात तिने कोणाकडून काही जास्त मागितलं नव्हतं.

पूर्वी वधू-वर सूचक केंद्रात नाव नोंदवताना एकच ठरावीक फी असायची. मुलीची फाइल अमक्या घराण्याला दाखवू नका, पत्ता आम्ही सांगेपर्यंत देऊ नका, असं आईवडील टेबलापलीकडच्या बाईंना सांगत आणि त्या तशी खूण करून ठेवत. त्या व्यवहारात जातीपातीच्या आणि हुंड्याच्या ज्या घाणेरड्या गोष्टी होत्या त्यांचं मी समर्थन करत नाही. पण फाइल कोणाला दाखवायची हे सांगण्याचे वेगळे पैसे तिथे कोणी मागत नव्हतं, कारण तेवढं सांगता येणं हा नोंदणीचाच भाग मानला जाई.

अंतराच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. टिंडरच्या सशुल्क सदस्यत्वात बराच काळ एक सोय अशी होती की पैसे भरले तर तुमचं वय आणि समोरच्यापासूनचं तुमचं अंतर लपवता येतं. फुकट वापरणाऱ्याचं अंतर दिसत राही. अंतर म्हणजे केवळ 'तीन किलोमीटर' असा एक निरुपद्रवी आकडा, असं वाटू शकतं. पण 2014 मध्ये इन्क्लूड सिक्युरिटी या सुरक्षा संशोधन करणाऱ्या संस्थेने दाखवून दिलं की टिंडरचा सर्व्हर ॲपला हे अंतर दशांश चिन्हानंतर अनेक स्थानांपर्यंत पाठवत होता. पडद्यावर गोल केलेला आकडा दिसे, पण आतून अचूक आकडा काढता येत होता. मग तीन खोटी खाती घ्यायची, तिघांची ठिकाणं वेगवेगळी सांगायची, तिघांपासूनचं अंतर घ्यायचं आणि नकाशावर तीन वर्तुळं काढायची. ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे ती व्यक्ती. चूक सुमारे शंभर फुटांच्या आतबाहेर. शंभर फूट म्हणजे नेमकी कोणती इमारत, हे कळण्याइतकं.

ती फट बुजवली गेली. बरीच ॲप्स त्यानंतर अंतर आकडा गोल करूनच पाठवू लागली. तरी प्रश्न संपला नव्हता. 2024 मध्ये बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी पंधरा डेटिंग ॲप्स तपासली आणि सहांमध्ये ठिकाण शोधून काढण्याची वाट सापडली. त्यात बंबल आणि हिंजही होती. इथली युक्ती अधिक साधी होती. अंतराचा आकडा बघायचीही गरज नव्हती. समजा, तुम्ही फिल्टर लावला की पाच किलोमीटरच्या आतले लोक दाखवा. ती व्यक्ती यादीत आली, म्हणजे पाचच्या आत आहे. आता तुमचं खोटं ठिकाण थोडं थोडं सरकवत न्या. एका जागी ती यादीतून गळते. त्या क्षणी ती तुमच्यापासून बरोबर पाच किलोमीटरवर आहे. असं तीन दिशांनी केलं की पुन्हा तीन वर्तुळं आणि पुन्हा एक बिंदू. काही ॲप्सवर ही अचूकता दोन मीटरपर्यंत जात होती. संशोधकांनी कळवल्यावर कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या, हे नमूद करायला हवं. पण या सगळ्यातून एक गोष्ट सिद्ध होते. अंतर पडद्यावर लपवणं पुरेसं नसतं. जो माणूस अनोळखी लोकांच्या यादीत येतच नाही, त्याच्याबद्दल 'आत आहे की बाहेर' असा प्रश्नच विचारता येत नाही. म्हणजे जी सोय विकली जाते, तीच खरी सुरक्षा आहे, आणि जी फुकट आहे ती अपुरी.

कंपनीचा यावर एक युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. प्रत्येकाला इन्कॉग्निटो फुकट दिला आणि सगळ्यांनीच तो घेतला, तर ॲपवर बघायला कोणीच उरणार नाही. दोन माणसं दोघंही लपलेली असतील तर ती एकमेकांना कधीच सापडणार नाहीत. बाजार चालायला काही दुकानं उघडी असावी लागतात, आणि किंमत लावली म्हणून फक्त ज्यांना खरी गरज आहे तेच ती सोय घेतात, असं कंपन्यांचं म्हणणं असतं. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा नाही. पैसे भरण्याची ऐपत आणि लपण्याची गरज यांचा एकमेकींशी संबंध नाही. उलट ज्या मुलीच्या बँक खात्याचं स्टेटमेंट घरचे बघतात, जिच्या फोनवर यूपीआयचा संदेश आला की भाऊ विचारतो 'हे कसले पैसे गेले', तिला गरज जास्त आहे आणि पैसे भरण्याची वाट बंद आहे. किंमत इथे गरजवंतांना वेगळं काढत नाही, फक्त ज्यांना परवडतं आणि ज्यांना कोणाला हिशोब द्यावा लागत नाही त्यांना वेगळं काढते.

आणि बाजार रिकामा होण्याच्या भीतीवर उत्तर कंपन्यांच्या हातातच आहे. ते म्हणजे लाइकची मर्यादा. फुकट इन्कॉग्निटो द्या आणि फुकट खात्याची लाइकची मर्यादा तशीच ठेवा. हिंजसारखी दिवसाला आठ असेल, तर त्या प्राध्यापिकेचं प्रोफाइल दिवसाला फार तर आठ नव्या लोकांपुढे जाईल, महिन्याला साधारण दोनशे चाळीस, आणि ते सगळे तिने स्वतः निवडलेले. ती ॲपवर हजर आहे, लाइक देते आहे, मॅच होते आहे, म्हणजे बाजाराला तिचा उपयोग आहेच. जिला यापेक्षा झपाट्याने शोध घ्यायचा आहे ती एक तर इन्कॉग्निटो बंद करेल किंवा जास्त लाइकसाठी पैसे भरेल. दोन्हीत कंपनीचं नुकसान नाही. मर्यादा घालायचीच असेल तर शोधाच्या वेगावर घालावी, असं मी म्हणते ते याचसाठी. आज विकलं जातं ते नेमकं उलटं आहे. अमर्याद लाइकचं पॅकेज मुख्यतः पुरुष घेतात, कारण त्यांना लाइक कमी मिळतात आणि त्यांची मर्यादा लवकर संपते. ते पॅकेज घेतलं की ते आणखी लाइक करतात. बायकांच्या खात्यावर लाइकचा ढीग वाढतो. मग त्या ढिगापासून सुटका म्हणून बायकांना इन्कॉग्निटो विकलं जातं. एकीकडे गर्दी वाढवायचे पैसे आणि दुसरीकडे गर्दीतून बाहेर पडायचे पैसे, दोन्ही एकाच गल्ल्यात जातात.

सुरक्षेच्या सोयी पैशाविना देता येतात, हे या धंद्यातल्याच एका कंपनीने दाखवलं आहे. ग्राइंडर हे प्रामुख्याने समलिंगी आणि ट्रान्स लोकांचं ॲप. 2014 मध्ये अंतरावरून वापरकर्त्यांचं ठिकाण शोधता येतं हे उघड झाल्यावर, ज्या देशांत समलिंगी लोकांना कायद्याने किंवा जमावाकडून धोका आहे, अशा अनेक देशांत ग्राइंडरने अंतर दाखवणंच बंद केलं. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या वस्तीच्या परिसरात ठिकाणावर आधारित सोयी त्यांनी थांबवल्या, कारण बाहेरचं कोणीही ॲपमध्ये तो परिसर उघडून कोणते खेळाडू तिथे आहेत हे बघू शकत होतं. ही कंपनी इतर बाबतीत आदर्श आहे असं मी म्हणत नाही, तिचं पूर्ण इन्कॉग्निटोही सशुल्कच आहे. पण धोका कुठे आहे हे कंपनीला कळतं, आणि ठरवलं तर तिथे ती पैसे न मागता पडदा ओढू शकते, एवढं यातून दिसतं. खेळाडूसाठी जे करता येतं ते गावातल्या शिक्षिकेसाठी का करता येऊ नये?

फुकट वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या गोष्टींपैकी सगळ्यात जास्त खपणारी गोष्ट म्हणजे धूसर केलेले चेहरे. टिंडरने 2017 मध्ये गोल्ड हे सशुल्क सदस्यत्व आणलं ते याच जोरावर. तुम्हाला नव्याण्णव जणांनी लाइक केलंय, असं ॲप सांगतं, चौकोनांत धूसर चेहरे दिसतात, आणि ते स्पष्ट करायचे तर पैसे भरा. हिंजची पद्धत जरा बरी आहे. फुकट खात्याला आलेले लाइक एकेक करून दिसतात, पहिल्यावर हो किंवा नाही म्हटलं की पुढचा. एकदम सगळे बघायचे असतील तरच पैसे. या पद्धतीत खोटी आशा कमी विकली जाते. धूसर चौकोनांच्या पद्धतीत पैसे भरेपर्यंत हे कळतच नाही की त्या नव्याण्णवांपैकी किती जण तुमच्या वयाच्या आणि अंतराच्या मर्यादेत आहेत, किती जण दुसऱ्या राज्यात आहेत, किती जणांनी महिन्यापूर्वी ॲप उघडलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही.

न दिसणाऱ्या गोष्टीचा व्यवहार कुठपर्यंत जाऊ शकतो, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. 2019 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मॅच डॉट कॉम चालवणाऱ्या मॅच ग्रुपवर खटला भरला. टिंडर आणि हिंजही याच समूहाची आहेत. आयोगाचा आरोप असा होता की मॅच डॉट कॉमवर फुकट खातेदाराला 'तुमच्यात कोणीतरी रस दाखवलाय' असे ईमेल जात, आणि संदेश वाचायचा तर सबस्क्रिप्शन घ्यावं लागे. त्यातले कित्येक संदेश अशा खात्यांवरून आलेले असत ज्यांच्यावर कंपनीच्याच यंत्रणेने फसवणुकीची खूण लावली होती. पैसे भरलेल्या सदस्यांपर्यंत अशा खात्यांचे संदेश पोचू दिले जात नसत, फुकटवाल्यांना मात्र त्यांच्या जाहिराती जात. आयोगाने कंपनीच्याच विश्लेषणाचा आधार देऊन म्हटलं की जून 2016 ते मे 2018 या काळात अशी जाहिरात मिळाल्यापासून चोवीस तासांत 4,99,691 सबस्क्रिप्शन घेतली गेली. कंपनीने आरोप नाकारले. 2022 मध्ये न्यायालयाने या संदेशांबद्दलचे दावे काढून टाकले, कारण दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला जबाबदार धरू नये असा तिथला कायदा आहे. हमी, सबस्क्रिप्शन रद्द करणं वगैरे उरलेल्या मुद्द्यांवर 2025 मध्ये कंपनीने 1 कोटी 40 लाख डॉलर देऊन तडजोड केली.

म्हणजे पैसे देण्याआधी ग्राहकाला माल दिसत नाही आणि मालाबद्दल जे सांगितलं जातं ते खरं आहे का हे तपासण्याची जबाबदारी कोणावरच नाही. यावर मला एक साधी अट पुरेशी वाटते. धूसर चेहऱ्यांचा आकडा दाखवायचाच असेल, तर त्यातले किती तुमच्या फिल्टरमध्ये बसतात आणि त्यातले किती गेल्या सात दिवसांत ॲपवर आले होते, तेही तिथेच, पैसे मागण्याआधी दाखवा. हे आकडे कंपनीच्या सर्व्हरवर असतातच. नव्याण्णवऐवजी तिथे 'तुमच्या मर्यादेतले सात, त्यातले आठवड्यात सक्रिय तीन' असं दिसलं, तर किती लोक पैसे भरतील हे कंपनीला ठाऊक आहे.

किमतीबद्दल फार लिहीत नाही, कारण तो वेगळा विषय आहे. टिंडर प्लस सुरू झालं तेव्हा अमेरिकेत तिशीच्या आतल्यांना महिन्याला सुमारे 10 डॉलर आणि तिशीवरच्यांना 20 डॉलर असा भाव होता. वयावरून भाव लावणं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने 2018 मध्ये भेदभाव ठरवलं. युरोपात मार्च 2024 मध्ये टिंडरने कबूल केलं की सवलत वैयक्तिक आणि स्वयंचलित पद्धतीने ठरली असेल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगितलं जाईल. भारतात डेटिंग ॲपकडे असं काही मागितलं गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

भारतात मागण्यासाठी आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. खोटी घाई दाखवणं, पुन्हापुन्हा टोचत राहणं, सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि सोडणं अवघड ठेवणं, हे त्यातच येतं. 'फक्त दोन तास, अर्ध्या किमतीत गोल्ड' असा उलटा धावणारा घड्याळाचा काटा रोज नव्याने दिसत असेल, तर तो पहिल्या प्रकारात बसतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर त्याची तक्रार करता येते आणि ती करताना पडद्याचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ जोडून ठेवावी, कारण तोच घड्याळाचा काटा दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन तासांपासून सुरू झाला हा खोटेपणाचा सगळ्यात ठोस पुरावा असतो. पण या तेरा प्रकारांत दिसण्याचा ताबा विकणं कुठेच नाही. स्वतःच्या माहितीवरचा ताबा गहाण ठेवून त्याची सोडवणूक विकायची, हा प्रकार यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आला नसावा.

त्याची जागा दुसऱ्या कायद्यात आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. या कायद्यानुसार संमती मोकळी, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली आणि विनाअट असावी लागते. माझा चेहरा, वय, कामाचं ठिकाण आणि मी कुठून किती अंतरावर आहे ही माहिती अनोळखी माणसांना दाखवायला मी संमती देते, तेव्हा कोणाला आणि किती हे ठरवण्याची वाट फक्त पैसे भरून उघडत असेल, तर ती संमती विनाअट कशी? ॲपने मॅच जुळवायला ठिकाण वापरणं वेगळं आणि तेच ठिकाण गावातल्या प्रत्येक फुकट खात्यापुढे मांडणं वेगळं. पहिल्यासाठी दिलेली संमती दुसऱ्याला पुरत नाही.

डेटा संरक्षण मंडळ आणि ग्राहक प्राधिकरण यांच्यापुढे म्हणून चार मागण्या ठेवायला हव्यात. अंतर आणि वय लपवण्याची सोय सर्वांना फुकट द्यावी. मी लाइक केलेल्यांनाच मी दिसेन हा पर्याय सर्वांना फुकट द्यावा, त्यावर लाइकची नेहमीची मर्यादा लावायला हरकत नाही. माझं गाव, कॉलेज किंवा कामाचं ठिकाण यांच्या भोवतीचा एखादा टापू वगळून मला दाखवा, असं म्हणता यावं, कारण कोल्हापुरात शिकवणाऱ्या बाईला साताऱ्यातला जोडीदार चालू शकतो, पण स्वतःचा विद्यार्थी चालत नाही. आणि धूसर चेहऱ्यांच्या आकड्याशेजारी त्यातले खरोखर उपयोगाचे किती ते छापावं. या चारपैकी एकीसाठीही नवं तंत्रज्ञान लागत नाही. टापू वगळणं म्हणजे आज लावला जातो तोच अंतराचा फिल्टर उलटा लावणं. ती प्राध्यापिका त्यानंतर पुन्हा ॲपवर गेलेली नाही. तिला विचारलं तर ती म्हणते की पैशांचं काही नव्हतं, महिन्याला काही शे रुपये तिने दिले असते, पण आधी सगळ्यांना दाखवून मग लपायला पैसे मागणाऱ्याला ते द्यावेसे वाटले नाहीत.